कन्याकुमारीचा तिरुवल्लुवर नेमका किती फुटांवरून पाहावा?

कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारकाच्या शेजारी, समुद्रातल्याच दुसऱ्या एका खडकावर तमिळ कवी तिरुवल्लुवरांचा दगडी पुतळा उभा आहे. चौथरा ३८ फूट, त्यावरची मूर्ती ९५ फूट, मिळून १३३ फूट. हे आकडे ठरवून घेतलेले आहेत. त्यांच्या तिरुक्कुरळ या ग्रंथात १३३ अध्याय आहेत. त्यांतले पहिले ३८ धर्माचे आणि पुढचे ९५ अर्थ व काम यांचे. म्हणजे धर्माच्या पायावर बाकीचं उभं, असा हा हिशेब. व्ही. गणपती स्थपतींनी घडवलेल्या या पुतळ्याचं अनावरण १ जानेवारी २००० रोजी झालं. शिलास्मारक उभं करणाऱ्या एकनाथ रानड्यांमुळे तिकडे मराठी माणसाचा ओढा जुनाच आहे. तिथवर गेलेला माणूस तिरुवल्लुवरांकडेही मान वर करून बघतोच.

प्रश्न त्या वर केलेल्या मानेचा आहे. नेमकं किती अंतरावर उभं राहिलं तर ही ९५ फुटांची मूर्ती डोळ्यांना सर्वांत मोठी दिसेल?

‘जितकं जवळ तितकं मोठं’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण मूर्ती डोळ्यांच्या पातळीच्या बरीच वर सुरू होते. चौथऱ्याला पाठ टेकवून वर पाहिलं, तर मूर्ती जवळजवळ एका रेषेत डोक्यावर जाते आणि पायापासून माथ्यापर्यंतचा सगळा पसारा चिंचोळ्या पट्टीत गोळा होतो. उलट खूप लांब गेलं, तर मूर्ती सगळी दिसते पण लहान होते. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी एक अंतर असं असणार, की तिथून पायाकडे आणि माथ्याकडे जाणाऱ्या दोन दृष्टिरेषांमधला कोन सर्वांत मोठा असेल. या कोनाला आपण दृष्टिकोन न म्हणता दृश्यकोन म्हणू, नाहीतर वाचताना भलताच अर्थ डोक्यात येईल.

आधी मोजमापं डोळ्यांपासून घेऊ. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ५ फुटांवर धरले, तर डोळ्यांच्या पातळीपासून मूर्तीचे पाय ३३ फूट वर आणि माथा १२८ फूट वर. आता काही अंतरांसाठी कोन काढून पाहू. काम साधं आहे: माथ्याचा उन्नत कोन काढायचा, पायाचा उन्नत कोन काढायचा आणि वजाबाकी करायची. २० फुटांवरून माथ्याचा उन्नत कोन ८१ अंशांच्या आसपास येतो, पायाचा ५९ अंशांच्या आसपास, आणि मूर्तीच्या वाट्याला उरतात जेमतेम २२ अंश. ५० फुटांवर ते ३५ अंशांवर जातात. १०० फुटांवर पुन्हा ३४ अंशांच्या खाली उतरतात आणि १३० फुटांवर ३० राहतात. शिखर मध्येच कुठेतरी आहे, हे उघड झालं.

ते शिखर नेमकं शोधायला बहुतेक जण कलनशास्त्राकडे वळतात: कोनाचं सूत्र लिहायचं, विकलन करायचं, शून्याशी मांडायचं. त्यात चूक काही नाही, पण दहावीच्या भूमितीत याहून देखणी वाट आहे आणि ती उत्तराचं कारणही दाखवते.

मूर्तीचे पाय आणि माथा या दोन बिंदूंमधून जाणारी वर्तुळं मनात आणा. अशी वर्तुळं कितीही काढता येतात, काही लहान, काही प्रचंड. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सगळे कोन एकरूप असतात, म्हणून अशा एका वर्तुळावर कुठेही डोळा ठेवला तरी मूर्ती सारख्याच कोनात दिसते. वर्तुळ जितकं लहान, तितका तो कोन मोठा (मूर्तीच्या उंचीइतक्या व्यासाच्या वर्तुळापर्यंत कमी केलं तर तो काटकोन होतो, पण तिथे डोळा न्यायला हवेत तरंगावं लागेल). आपला डोळा मात्र जमिनीपासून ५ फुटांवरच्या आडव्या रेषेवरच पुढेमागे सरकू शकतो. तेव्हा या आडव्या रेषेला जेमतेम पोचणारं सर्वांत लहान वर्तुळ हवं. जेमतेम पोचणारं म्हणजे रेषेला एकाच बिंदूत स्पर्श करणारं. तो स्पर्शबिंदू हीच आपली जागा.

का, ते लगेच दिसतं. स्पर्शबिंदू सोडून त्या रेषेवरचा बाकी प्रत्येक बिंदू या वर्तुळाच्या बाहेर पडतो आणि बाहेरून दिसणारा कोन वर्तुळावरून दिसणाऱ्या कोनापेक्षा लहानच असतो. म्हणजे पुढे सरका वा मागे सरका, कोन घटणारच.

आता अंतर काढायला स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांचं प्रमेय पुरे. मूर्तीची उभी रेषा खाली वाढवली की ती डोळ्यांच्या आडव्या रेषेला एका बिंदूत भेटते. त्या बिंदूपासून वर्तुळाला जाणारी स्पर्शिका म्हणजे आपलं अंतर, आणि त्याच बिंदूपासून निघणारी छेदिका वर्तुळाला ३३ आणि १२८ फुटांवर छेदते. म्हणून अंतराचा वर्ग हा त्या दोन उंचींचा गुणाकार:

अंतर = √(३३ × १२८) = √४२२४ ≈ ६५ फूट

वर्तुळाची त्रिज्या ८०.५ फूट येते. तिथून दिसणारा कोन सुमारे ३६.२ अंश. एका वाक्यात सांगायचं तर हवं ते अंतर म्हणजे डोळ्यांपासून पायाची उंची आणि माथ्याची उंची यांचा भूमितीमध्य.

हा प्रश्न जुना आहे. योहानेस म्युलर हा जर्मन गणिती आज रेजिओमोंटानस या नावाने ओळखला जातो. त्याने १४७१ मध्ये एरफुर्टच्या क्रिस्टियान रोडरला लिहिलेल्या पत्रात तो घातला होता: १० फूट लांबीचा दांडा उभा टांगला आहे, त्याचं खालचं टोक जमिनीपासून ४ फूट वर आहे, तर जमिनीवरच्या कोणत्या बिंदूपासून तो सर्वांत मोठा दिसेल? तेच प्रमेय लावलं, तर ४ आणि १४ यांचा भूमितीमध्य, म्हणजे साडेसात फुटांच्या किंचित आत. त्या काळी विकलन जन्मायचं होतं. हे कोडं वर्तुळाने सुटतं यात म्हणूनच मला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते आज शिकवताना वर्तुळ गाळून थेट विकलनावर उडी मारण्याचं.

या गणितात दोन चुका नेहमी होतात. पहिली, डोळ्यांची उंची वजा न करता सरळ ३८ आणि १३३ गुणायचे. तसं केलं की उत्तर ७१ फूट येतं. दुसरी, माथ्याची उंची घेण्याऐवजी मूर्तीची लांबीच घ्यायची, म्हणजे ३८ गुणिले ९५, आणि उत्तर ६० फूट काढायचं. परीक्षेत दोन्हींचे गुण कापले जातील. पण प्रत्यक्ष ७१ फुटांवर जाऊन उभं राहिलं तर कोन ३६.०५ अंश मिळतो आणि ६० फुटांवर ३६.०८. योग्य जागी ३६.१६ होता. म्हणजे पाच-सहा फुटांच्या चुकीने गमावलं काय, तर अंशाचा दहावा भाग! डोळ्यांना हा फरक कळणं शक्य नाही.

याचं कारण असं, की शिखराजवळ आलेख सपाट असतो. ५० फुटांपासून ८० फुटांपर्यंत कुठेही उभे राहिलात तरी कोन ३५ अंशांच्या वरच राहतो. तीस फुटांचा हा पट्टा जवळजवळ सारखाच चांगला आहे. शिवाय मूर्तीला सगळीकडून तेच अंतर लागू असल्याने हा पट्टा वर्तुळाकार आहे. गर्दीत एकाच ठिपक्यासाठी रेटारेटी करण्याचं काही कारण नाही.

ही सवलत मात्र सगळीकडे मिळत नाही. रस्त्याकडेचं एखादं बुटकं होर्डिंग घ्या. फलक २० फूट उंच आणि त्याची खालची कड जमिनीपासून अवघी ६ फूट. डोळ्यांपासून मोजलं तर खालची कड १ फूट, वरची २१ फूट, आणि अंतर येतं साडेचार फुटांच्या जरासं पुढे. डोळ्यांची उंची विसरलात तर उत्तर येतं साडेबारा फूट, जवळजवळ तिप्पट, आणि कोनात १० अंशांहून जास्त घट. खालची कड डोळ्यांच्या पातळीच्या जितकी जवळ, तितकी डोळ्यांची उंची निर्णायक. तिरुवल्लुवरांच्या बाबतीत ३८ फुटांचा चौथरा आपल्याला सांभाळून घेतो. पाच फुटांच्या माणसाच्या जागी साडेतीन फुटांवर डोळे असलेलं पोर धरलं तरी अंतर ६५ वरून ६७ च्या आसपास जातं, एवढंच.

शिखर इतकं सपाट असेल तर ते जागेवर सापडायचं कसं? पुढेमागे सरकत दृश्यकोन मोजत बसलात तर काही हाती लागणार नाही, कारण ६० फूट, ६५ फूट, ७० फूट, सगळीकडे मोजणारा ३६ च सांगणार. हातात धरलेल्या फोनने कोन मोजताना होणारी चूक त्याहून मोठी असते. शिवाय बहुतेक पुतळ्यांचे आकडे आपल्याला ठाऊक नसतात. फलकावर एकूण उंची लिहिलेली असते, चौथऱ्याची नसते, कधी उलटं.

इथे या प्रश्नातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट कामाला येते. योग्य अंतरावर पायाचा आणि माथ्याचा उन्नत कोन यांची बेरीज बरोबर ९० अंश होते.

पडताळा आपल्याच आकड्यांवर घ्या. ६५ फुटांवरून माथ्याचा उन्नत कोन ६३.१ अंश येतो आणि पायाचा २६.९. कारणही सोपं आहे. एका कोनाचा टॅन्जेंट म्हणजे १२८ भागिले अंतर, दुसऱ्याचा ३३ भागिले अंतर. दोन्हींचा गुणाकार केला की वर ३३ गुणिले १२८ आणि खाली अंतराचा वर्ग. योग्य जागी हे दोन्ही सारखे, म्हणून गुणाकार १. ज्या दोन लघुकोनांच्या टॅन्जेंटचा गुणाकार १ असतो, ते कोटिकोन असतात.

म्हणजे आता चौथरा किती फुटांचा, मूर्ती किती फुटांची, आपले डोळे किती उंचीवर, आपण किती लांब आहोत, यांपैकी काहीही माहीत असण्याची गरज उरली नाही. दोन कोन मोजायचे आणि बेरीज करायची. ९० पेक्षा जास्त आली तर आपण फार जवळ आहोत, मागे सरका. कमी आली तर लांब आहोत, पुढे या.

आणि जिथे दृश्यकोन आपल्याला फसवतो, तिथे ही बेरीज मात्र चांगली तीक्ष्ण आहे. ६० फुटांवर ती ९३.७ येते, ७० फुटांवर ८६.६. दहा फुटांत सात अंशांचा फरक, म्हणजे एका पावलामागे दीड-दोन अंश. फोनमधल्या कोन मोजणाऱ्या क्लिनोमीटरची चूक अंशभर धरली तरी जागा एक-दोन फुटांच्या आत सापडते. एवढ्या अचूक जागेची गरज नाही हे आत्ताच पाहिलं. पण वजाबाकीने जे शोधता येत नाही ते बेरजेने सापडतं, ही गंमत आहेच.

फोन नसला तरी अडत नाही. शाळेतला अर्धवर्तुळाकार कोनमापक घ्यायचा, त्याच्या मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला एखादी चावी बांधून ओळंबा करायचा. सरळ कडेवरून नेम धरून माथ्याकडे बघायचं आणि दोरा कुठल्या खुणेवर स्थिरावतो ते सोबत्याला वाचायला सांगायचं. ९० च्या खुणेपासून दोरा जितका ढळला तितका उन्नत कोन. समुद्रावरच्या वाऱ्यात चावी हलकी पडते, म्हणून चाव्यांचा जुडगाच बांधावा.

एक काळजी मात्र घ्यायची. पायाचा कोन मोजताना नेम मूर्तीच्या पायावर हवा, चौथऱ्याच्या कठड्यावर नको. पाहणारे बहुतेक वेळा कठड्यावरच नेम धरतात, आणि तो दोष त्यांचा नसतो. मूर्ती चौथऱ्याच्या अगदी पुढच्या कडेवर उभी नसते, ती थोडी आत असते. खालून पाहणाऱ्याला ती कड आडवी येते आणि मूर्तीची पावलं तिच्यामागे झाकली जातात.

याचा परिणाम केवढा, हे बघायला समजा चौथऱ्याची कड मूर्तीच्या १० फूट पुढे आहे. हा आकडा केवळ हिशेबासाठी धरला आहे. आता डोळ्याला दिसणारं खालचं टोक हे पाय नसून ही कड आहे, आणि ती आपल्याला मूर्तीपेक्षा १० फूट जवळ आहे. दृश्यकोन पुन्हा मांडून सर्वांत मोठा कुठे होतो ते काढलं, तर अंतर मूर्तीपासून ७९ फुटांच्या आसपास येतं, म्हणजे कडेपासून ६९ फूट. तिथून मूर्तीचे खालचे जवळजवळ ५ फूट दिसतच नाहीत आणि कोन ३२.७६ अंशांवर घसरतो. सपाट फलकासाठी हा खटाटोप लागत नाही. पुतळ्यासाठी लागतो, आणि ६५ फूट हे उत्तर कागदावर जितकं नेमकं दिसतं तितकं ते खडकावर नसतं, ते यामुळे.

अशा वेळी ९० ची खूण जशीच्या तशी लागू पडत नाही. ७९ फुटांवर माथ्याचा आणि कडेचा कोन यांची बेरीज ९० नव्हे, ८४ येते. तरीही कोणी ९० चा नियम धरून चाललाच तर तो ७० फुटांवर जाऊन थांबेल आणि तिथे त्याला ३२.५२ अंश मिळतील. नुकसान पाव अंशाहून कमी. तेव्हा कड आडवी येत असेल तर मी ९० च्या जागेपासून चार पावलं मागे सरकतो आणि गणिताला तिथेच सोडतो. याचा दुसरा फायदा म्हणजे मागे सरकलं की झाकलेली पावलं थोडी बाहेर येतात.

पुतळ्याच्या कंबरेत बाक आहे, नटराजाची आठवण करून देणारा. त्याने या हिशेबात काही बिघडत नाही. समोरून पाहताना तो बाक डावी-उजवीकडचा आहे, आपल्या अंतरातला नाही.

आता खरा वादाचा मुद्दा. सर्वांत मोठा दिसणं म्हणजे सर्वांत चांगला दिसणं का?

मूर्तीचे वर-खाली दोन समान भाग करू, साडेसत्तेचाळीस फुटांचा एकेक. ६५ फुटांवरून खालच्या भागाला मिळतात २४ अंश आणि वरच्या भागाला १२. म्हणजे ज्या जागेवरून मूर्ती एकूण सर्वांत मोठी दिसते, तिथून तिचे पाय आणि वस्त्र हे छाती, हात आणि चेहरा यांच्या दुप्पट दिसतात. कवीच्या पुतळ्यात पाहायचं असतं ते सगळं वरच्या अर्ध्यात असतं. धर्म, अर्थ, काम सुचवणारी उजव्या हाताची तीन उभी बोटं तिथेच आहेत. आणि नेमक्या त्याच भागाला कमी जागा मिळते.

मागे सरकलं की ही विषमता कमी होते. १०० फुटांच्या आसपास वरच्या अर्ध्याला १३ अंशांहून थोडं जास्त मिळतं, आणि ते त्याचं शिखर आहे: ८०.५ आणि १२८ यांचा भूमितीमध्य १०१.५ फूट येतो. एकूण मूर्तीचा कोन इथे ३३.६ अंशांवर आला आहे, पण जे कमी झालं ते सगळं खालच्या अर्ध्यातून गेलं. वरचा अर्धा उलट वाढला. फक्त डोकं आणि खांदे पाहायचे म्हटलं आणि वरचा २० फुटांचा भाग धरला, तर त्याचं सर्वोत्तम अंतर १०८ आणि १२८ यांचा भूमितीमध्य, म्हणजे जवळजवळ ११८ फूट. तिथून त्या भागाला ४.९ अंश मिळतात, ६५ फुटांवरून ४.१ च मिळत होते. चेहरा मोठा दिसावा म्हणून पुढे जाणारा माणूस तो लहान करून घेत असतो.

त्याशिवाय मानेचा प्रश्न आहे. ६५ फुटांवरून माथ्यासाठी नजर ६३ अंश वर न्यावी लागते, ११८ फुटांवरून ४७ अंश. पहिल्यात हनुवटी, मग नाकपुड्या, मग कपाळाचा तुकडा असा खालून चढत जाणारा चेहरा दिसतो. दुसऱ्यात तो चेहऱ्यासारखा दिसू लागतो. उंचावर बसणाऱ्या मूर्तीचं डोकं आणि वरचा भाग प्रमाणापेक्षा थोडा मोठा घडवण्याची शिल्पकारांची जुनी युक्ती याच विषमतेवरचा तोडगा आहे. पण ती युक्ती एखाद्या ठरावीक अंतरासाठीच बेतता येते. त्याहून जवळ आलं की पाय पुन्हा वरचढ होतात, त्याहून लांब गेलं की डोकं मोठं वाटू लागतं.

म्हणून दृश्यकोनाचं गणित करताना आधी ठरवायला हवं की कोन कशाचा मोजायचा आहे. जाहिरातीच्या फलकावर सगळा मजकूर हवा असतो, तिथे पूर्ण उंची धरणं रास्त. तरी तिथेही वरच्या ओळीतली अक्षरं खालच्या ओळीपेक्षा चेपलेली दिसतात आणि फोन नंबर बहुधा खालीच असतो, म्हणून फारसं बिघडत नाही. पुतळ्यासाठी मी पूर्ण उंची धरणार नाही. कन्याकुमारीच्या खडकावर मोकळी जागा मिळाली तर मी १०० ते १२० फुटांच्या पट्ट्यात उभा राहीन: एकूण कोन ३१ ते ३४ अंश, वरचा अर्धा जवळजवळ आपल्या शिखरावर, मानही फार ताणलेली नाही. ६५ फुटांची जागा भव्यतेसाठी आहे. अंगावर येणारी मूर्ती अनुभवायची असेल त्याने तिथे जावं, पण तिथून चेहऱ्याचा फोटो काढू नये.

शिलास्मारक आणि पुतळा यांना जोडणारा ७७ मीटर लांबीचा काचेचा पूल डिसेंबर २०२४ मध्ये खुला झाला, त्यामुळे आता ही अंतरं चालत पार करता येतात. ७७ मीटर म्हणजे सुमारे २५३ फूट. एवढ्या अंतरावरून, डोळे खालच्या पातळीलाच आहेत असं धरलं तर, मूर्ती १९ अंशांच्या आसपास दिसते आणि तिचे दोन्ही अर्धे जवळजवळ बरोबरीला येतात, १० आणि ९. प्रमाण बघायचं असेल तर लांबची जागा, आकार बघायचा असेल तर जवळची. मात्र पुलावर डोळ्यांची पातळी बदलते, म्हणून तिथे ३३ आणि १२८ हे आकडे वापरू नयेत. पातळी वर गेली की दोन्ही तेवढ्याने घटतात आणि भूमितीमध्यही आत सरकतो.

चौथऱ्याच्या आतून पायऱ्या चढून मूर्तीच्या पावलांपाशी जाता येतं, आणि तिथे हे सगळं गणित कोसळतं. आता मूर्तीचे पाय डोळ्यांच्या ५ फूट खाली आहेत आणि माथा ९० फूट वर. एक उंची उणे झाली, गुणाकार उणे, वर्गमूळ काढता येत नाही. वर्तुळाच्या भाषेत सांगायचं तर डोळ्यांची आडवी रेषा मूर्तीलाच छेदते, त्यामुळे पाय आणि माथा यांतून जाणारं कुठलंही वर्तुळ तिला नुसता स्पर्श करूच शकत नाही. शिखर नाहीसं होतं. जितकं पुढे जाल तितका कोन वाढतच जातो, आणि दगडाला नाक लावलं की तो १८० अंशांच्या जवळ पोचतो. कोनाच्या हिशेबाने ही सर्वांत भव्य जागा. प्रत्यक्षात तिथून दिसतात ती फक्त पावलं, त्यांच्या वर वस्त्राच्या चुण्या आणि आभाळात निमुळता होत गेलेला दगड.

श्रवणबेळगोळच्या बाहुबलीसमोर, किंवा जमिनीलगत ठेवलेल्या कुठल्याही उंच मूर्तीसमोर हीच स्थिती असते. तिथे सर्वांत मोठ्या कोनाचं अंतर शोधण्यात अर्थ नाही. तिथे मान किती अंश वर करायची ते आधी ठरवावं आणि अंतर त्यावरून काढावं. ४५ अंश सोयीचे वाटत असतील तर डोळ्यांपासून माथ्याची जेवढी उंची तेवढंच मागे जायचं. क्लिनोमीटर माथ्यावर रोखायचा आणि ४५ येईपर्यंत मागे सरकत राहायचं.